आजीच्या फोनवरून आयकॉन का गायब व्हायचे

आमची आजी इंदूरला रामबागेत एकटीच राहते, आत्या जवळच. मी गेलो की दर वेळी एकच तक्रार, "अरे, ते हिरवं व्हॉट्सॲप कुठे गेलं बघ." फोन सॅमसंगचा. आत्या म्हणायची हँग होतो, नवीन घ्या. मी नुसतं आजीच्या बोटाकडे बघत बसलो तेव्हा कळलं, ती आयकॉनवर बोट टेकवते आणि लगेच उचलत नाही, मग फोनला वाटतं हे लाँग प्रेस, मेन्यू उघडतो, नाहीतर बोट जरा सरकलं की आयकॉन पण सरकतो.

मग सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, तिथे ईझी मोड चालू केला. आयकॉन मोठे झाले, कीबोर्डची अक्षरं ठळक झाली, पण खरं काम त्याच पानावरच्या टच अँड होल्ड डिलेचं आहे, तो दीड सेकंदावर ठेवला. म्हणजे दीड सेकंद बोट टेकलं तरच लाँग प्रेस धरतो. शिवाय होम स्क्रीन सेटिंग्जमध्ये लेआउट लॉक करून टाकला, आता आयकॉन हलतही नाही आणि उडतही नाही. हे दोन्ही केल्याशिवाय नुसता फॉन्ट वाढवून काही होत नाही हे माझं मत.

फॉन्टचं पण ऐका. सगळ्यात मोठा ठेवला तर काही ॲपमध्ये खालचं बटण स्क्रीनबाहेर जातं, आजीच्या बँकेच्या ॲपमध्ये "पुढे" दिसेचना. म्हणून एकदोन पायऱ्या खाली आलो, आणि व्हॉट्सॲपच्या चॅट सेटिंगमध्ये फॉन्ट वेगळा मोठा केला, कारण ती वाचते ते तिथेच.

होम स्क्रीनवर फोन, व्हॉट्सॲप, कॅमेरा, टॉर्च आणि आत्या, बाबा, मी असे तिघांचे फोटो. फोटो दाबला की थेट कॉल लागतो, कॉन्टॅक्टचं डायरेक्ट डायलवालं विजेट लावलंय. चुकून लागतो कधीकधी, लागू दे.

सेफ्टी अँड इमर्जन्सीत आत्या आणि बाबा इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून टाकले, मेडिकल इन्फोमध्ये ब्लड ग्रुप, बीपीची गोळी, आणि ते लॉक स्क्रीनवर दिसेल असं ऑन केलं, म्हणजे पिन माहीत नसलेला शेजारी पण इमर्जन्सी कॉलमध्ये जाऊन बघू शकतो. पॉवर बटण भराभर पाच वेळा दाबलं की एसओएस सुरू होतो, पण आधी तिथे कोणता नंबर आहे ते बघून घ्या, ११२ असेल तर गंमत म्हणून दाबून बघू नका, थेट तिकडे कॉल जातो. घरच्यांना जाणारा मेसेज एसएमएसने जातो, रिचार्ज संपला असेल तर अडकतो, म्हणून तिच्या रिचार्जची तारीख आता आत्याच्या कॅलेंडरवर आहे.

आजीचं एवढंच म्हणणं, "फोटो जरा बरा लाव, हा कोण माणूस आहे?" तो मीच होतो.