तिसऱ्या पेटीत कायम अंगठीच

मी फावल्या वेळात युनिटीमध्ये एक छोटा डंजन गेम बनवतोय. महिनाभर खेळून बघणारा मित्र एकदा म्हणाला, "तिसरी पेटी फोडली की चांदीची अंगठी मिळते. कालही मिळाली, परवाही." मी हसण्यावारी नेलं. अंगठीची शक्यता शेकडा चार; लागला असेल योगायोग.

तरी शंका नको म्हणून गेम चालू असताना दाबायचं एक बटण केलं. दाबलं की लूट टेबलवर १००० वेळा फासे पडणार आणि हिशेब छापला जाणार. नाणी ६०७, औषधं २८९, बाण ६२, अंगठ्या ४२. टेबलमध्ये ६०, ३०, ६ आणि ४ असे आकडे होते, म्हणजे सगळं जागच्या जागी. मी मित्राला तसं कळवूनही टाकलं.

गेम बंद करून परत चालू केला आणि सहज पुन्हा बटण दाबलं. नाणी ६०७, औषधं २८९, बाण ६२, अंगठ्या ४२. तेव्हा पोटात गोळा आला. खऱ्या यादृच्छिक फाशांत नाण्यांचा आकडा दर वेळी पाच-पंचवीसने तरी हलायला हवा. प्रमाण बरोबर आहे की नाही एवढंच माझी चाचणी तपासत होती, आणि प्रमाण बरोबरच होतं. क्रम मात्र रोज तोच.

मग पेट्या उलट्या क्रमाने फोडून पाहिल्या. अंगठी पुन्हा तिसऱ्यांदाच आली, पण वेगळ्या पेटीतून. म्हणजे वस्तू पेटीला चिकटलेली नव्हती, रांगेतल्या नंबराला चिकटलेली होती. एवढं कळल्यावर कोडमध्ये आकड्यांची रांग ठरवणारं `InitState` शोधलं आणि नकाशा बनवणाऱ्या फाइलमध्ये माझीच जुनी ओळ सापडली: `Random.InitState(1234);`. भिंतींमधला एक बग पकडताना नकाशा दर वेळी सारखा यावा म्हणून टाकलेली, नंतर विसरलेली.

युनिटीचा यादृच्छिक आकडे देणारा `Random` हा सगळ्या गेमला मिळून एकच. सुरुवातीला तो स्वतःहून वेगळा सीड, म्हणजे मालिका सुरू करणारा आकडा, घेतो, पण मी मध्येच १२३४ दिला की तिथून पुढची अख्खी मालिका ठरून जाते. नकाशा त्यातले ठरावीक आकडे खातो, उरलेली रांग लुटीच्या वाट्याला येते. सीड नकाशासाठी होता, शिक्षा भोगली लुटीने.

पण मग हे महिनाभर माझ्या नजरेत कसं आलं नाही? कारण माझ्याकडे मार लागला की स्क्रीन हलायची, आणि ती हलवणारा कोड दर फ्रेमला त्याच `Random` मधून आकडे घ्यायचा. किती फ्रेम गेल्या ते प्रत्येक खेळात वेगळं, त्यामुळे रांग मागेपुढे व्हायची. मित्राला गरगरतं म्हणून त्याने सेटिंगमध्ये ते हलणं बंद केलेलं. बटणाची चाचणी मी सुरुवातीलाच, मार खायच्या आधी केली म्हणून मला तो प्रकार दिसला, एरवी दिसलाच नसता.

पहिला उपाय मी घाईत केला तो चुकीचा. प्रत्येक लुटीआधी घड्याळातल्या सेकंदांचा सीड द्यायला लागलो. एका फटक्यात दोन पेट्या फुटल्या की दोन्हींत तीच वस्तू! साहजिकच आहे, एकाच सेकंदात दोनदा तोच सीड दिला, तर दोन्ही वेळा रांगेतला पहिलाच आकडा येणार.

दुसऱ्यांदा नीट विचार केला. नकाशाला ठरावीक सीड हवाच होता, फक्त त्याचं काम झाल्यावर आधीची स्थिती परत ठेवायची होती:

```csharp
var oldState = Random.state;
Random.InitState(mapSeed);
BuildMap();
Random.state = oldState;
```

एवढ्याने बग गेला. पण स्क्रीन हलण्यावर लूट ठरावी हे काही मनाला पटेना, म्हणून लुटीसाठी वेगळा `System.Random` केला. नवा खेळ सुरू होताना त्याला ताजा सीड मिळतो आणि तो लॉगमध्ये छापला जातो. कुणी तक्रार केली की तोच सीड टाकून मला हुबेहूब तीच लूट पाहता येते.

सेव्हचं प्रकरण तेवढं उरलं होतं. लोड केल्यावर नवा सीड दिला, तर खेळाडू हवी ती वस्तू मिळेपर्यंत लोड करत बसणार. `System.Random` ची आतली स्थिती सरळ साठवता येत नाही, म्हणून सेव्हमध्ये सीड आणि आतापर्यंत किती आकडे काढले ते लिहितो. लोड करताना तितके आकडे काढून फेकून देतो. लुटीला दर वेळी एकच आकडा लागतो म्हणून हा हिशेब जुळतो.

मित्राला नवी आवृत्ती दिली. तिसऱ्या पेटीत बाण निघाले, त्यावरही त्याने कुरकुर केलीच.