तेराव्याचा फोटो

तेराव्याच्या फोटोचं काम घाईचंच असतं. लोक दहावा उरकून येतात, फ्रेमसकट फोटो दोन दिवसांत हवा असतो. परवा आलेल्या बहीण-भावाचंही तसंच होतं. आईचा फोटो नातवानं अंगणात काढलेला. नऊवारी नेसून खुर्चीत बसलेली, हात मांडीवर, बोटांत जपमाळ. उजेड सुरेख. पण चेहरा बरोबर फोटोच्या मधोमध, त्यामुळे वर जवळजवळ निम्मा फोटो आभाळ आणि खाली पाय गुडघ्यातच तुटलेले. मोबाईलवर बहुतेक जण असाच फोटो काढतात.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला. तिथून साधा पाठवलेला फोटो आकसून येतो, लांब बाजू जेमतेम १६०० पिक्सेल उरते. त्यातून कापून भिंतीवरचा फोटो करायचा म्हणजे चेहऱ्याचा चिखल. मी त्यांना आधी मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवायला लावलं. तो ३०२४ × ४०३२ निघाला, तेव्हा कुठे कापाकापीला वाव मिळाला.

फ्रेम १२ × १५ इंचाची. आमच्याकडच्या मुलानं तेवढ्यात एक क्रॉप करून ठेवला होता. डोळे वरून एक तृतीयांशावर, अगदी नियमाप्रमाणे. ताई बघून म्हणाल्या, "आई अशी लुळी का दिसतेय?" मुलाला कळेना. खालची कड बरोबर दोन्ही कोपरांवर आली होती. सांध्यावर कापलं की नजर तिथेच अडते आणि हात तिथेच संपलाय असं वाटतं. मनगट, कोपर, गुडघा, घोटा, सगळ्यांचं तेच. कापायचंच तर दोन सांध्यांच्या मध्ये कापावं, म्हणजे पुढचा हात बघणारा मनानंच पुरा करतो. बोटांचं तर मधलंही काही चालत नाही. हात घ्यायचा तर पुरा घ्यावा. हे मी त्या मुलाला अनेकदा सांगितलंय, पण तो पडद्यावरच्या तृतीयांशाच्या रेघा बघतो, माणूस बघत नाही.

म्हणजे वाटा दोनच उरल्या. एक, दंडाच्या मध्यावर कापून चेहरा मोठा घ्यायचा. दोन, खाली उतरून जपमाळेसकट हात घ्यायचे.

मी आधी दुसरी केली. त्यात डोळे तृतीयांशावर ठेवले असते तर डोक्यावर उगाच मोकळं आभाळ राहिलं असतं आणि आई फ्रेमच्या तळाशी बसल्यासारखी दिसली असती, म्हणून डोळे वरच्या कडेपासून सव्वाचार इंचांवर घेतले. तरी डोक्यावर पावणेतीन इंच मोकळे राहिले. एरवी मी एवढी जागा सोडत नाही. पण हा फोटो भिंतीवर नुसता राहत नाही. फ्रेमची पट्टी चारही बाजूंनी पाव इंच खाते आणि वरून हार येतो. झेंडूचा भरघोस हार वरचे दीड-दोन इंच सहज झाकतो. शिकवणीतली डोक्यावरची बेताची जागा ठेवली की हार थेट कपाळावर टेकतो. घरोघरी असे फोटो दिसतात आणि मला दर वेळी चुटपुट लागते. आई किंचित डावीकडे बघत होती, म्हणून त्या बाजूला थोडी जास्त जागा ठेवली. ताईंचे डोळे भरून आले. "हेच तिचे हात," म्हणाल्या.

मग दादांनी मोबाईल काढून सांगितलं, की हा फोटो वडिलांच्या फोटोशेजारी लागणार आहे. लोक सगळ्यात महत्त्वाचं शेवटी सांगतात! वडिलांचा फोटो जुना, स्टुडिओतला, त्याच मापाचा. चेहरा पाच इंच, डोळे वरून पाच इंचांवर. माझ्या क्रॉपमध्ये आईचा चेहरा तीन इंचांचा. शेजारी-शेजारी लावले की ती त्यांच्यापुढे लहान मुलीएवढी दिसणार आणि दोघांची नजर एका रेषेत येणार नाही. १६ × २० केला तर चेहरा चार इंच झाला असता, पण मग जोडीच मोडली असती.

म्हणून पहिली वाटही केली. दंडाच्या मध्यावर कड, डोळे पाच इंचांवर, वर अडीच इंच जागा. उभ्या बाजूला १५०० पिक्सेलच उरले, म्हणजे इंचाला शंभर. हातात धरला तर पापण्या मऊ दिसतात, सात-आठ फुटांवरून कळत नाही. दोन्ही प्रिंट समोर टेकवून ठेवले. दादा दारापर्यंत मागे गेले आणि म्हणाले, "हाच. दोघं एकमेकांशेजारी शोभतात."

त्यांचं बरोबर होतं. भिंतीचा विचार केला तर तोच क्रॉप योग्य, मीही तोच सुचवला असता. पण वडिलांचा फोटो स्टुडिओतल्या पाठीच्या खुर्चीवर ताठ बसवून काढलेला, सगळ्यांचा असतो तसा. त्याच्या मापात बसवताना या बाईंचं जे तिचं एकटीचं होतं, तेच कडेच्या खाली गेलं, हे मनातून जात नाही. ताईंनी जाताना हातांचा फोटो ८ × १० मध्ये वेगळा मागितला. तेच प्रमाण, त्यामुळे कुठेही पुन्हा कापावं लागलं नाही.