भार मध्यावर नसतो तेव्हा

"सर, एरिया बरोबर, सेंट्रॉइड बरोबर, तरी बीमच्या मध्यावरचं डिफ्लेक्शन चुकतं. असं का?"

कारण मोमेंट-एरियाचं दुसरं प्रमेय डिफ्लेक्शन देतच नाही. वाकलेल्या बीमवर एका बिंदूपाशी टँजंट काढला, तर दुसरा बिंदू त्या टँजंटपासून उभ्या दिशेनं किती दूर आहे, एवढंच ते सांगतं. डिफ्लेक्शन मात्र बीमच्या मूळच्या सरळ रेषेपासून मोजायचं असतं. हा फरक सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आपण पहिलं गणित मध्यावर भार असलेल्या बीमचं करतो. तिथे मध्यावरचा टँजंट आडवा असतो, म्हणून सपोर्टचं त्या टँजंटपासूनचं अंतर हेच नेमकं डिफ्लेक्शन ठरतं. हात त्या सवयीला लागतो आणि भार सरकला तरी तसाच चालत राहतो.

वर्गात मी दोन डस्टरांवर प्लास्टिकची फूटपट्टी आडवी ठेवतो, मधोमध बोटानं दाबतो आणि तिथे पेन्सिल टेकवतो. पेन्सिल आडवी राहते. मग बोट उजवीकडे सरकवतो, पेन्सिल मात्र मध्यावरच ठेवतो. ती तिरकी होते, उजवं टोक खाली. सगळी चूक त्या तिरकेपणात आहे.

आता ६ मीटरचा बीम घ्या. डावा सपोर्ट अ, उजवा ब, मध्य क. अ पासून ४ मीटरवर ३० किलोन्यूटनचा भार आहे. रिअॅक्शन अ ला १० आणि ब ला २०, आणि भाराखाली बेंडिंग मोमेंट ४०. EI सगळीकडे सारखा आहे, म्हणून भागाकार शेवटी करू.

टँजंट अ पाशी काढायचा. त्या टँजंटपासून ब किती दूर आहे ते पाहण्यासाठी पूर्ण बेंडिंग मोमेंट डायग्रामचा मोमेंट ब भोवती घ्या. डाव्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ ८०, त्याचा सेंट्रॉइड ब पासून ३.३३ मीटरवर, म्हणजे २६६.७. उजव्याचं ४०, सेंट्रॉइड १.३३ मीटरवर, म्हणजे ५३.३. बेरीज ३२०. टँजंट ही सरळ रेषा आहे, त्यामुळे मध्यावर ती मूळ रेषेपासून याच्या निम्मी, म्हणजे १६० खाली असते. पण बीम वाकून त्या टँजंटच्या वर आलेला असतो. किती वर? अ ते क एवढाच डायग्राम घ्या: क पाशी मोमेंट ३०, क्षेत्रफळ ४५, सेंट्रॉइड क पासून १ मीटरवर, म्हणून ४५. मोमेंट क भोवती घ्यायचा, अ भोवती नाही. ज्या बिंदूचं अंतर हवं त्याच्याभोवती. १६० वजा ४५, डिफ्लेक्शन ११५ भागिले EI. आयएसएमबी २५० चा EI अंदाजे १०,००० किलोन्यूटन-मीटर वर्ग धरला, तर साडेअकरा मिलिमीटर.

बरेच जण ४५ लाच उत्तर समजून थांबतात. काही जण क चा टँजंट आडवा धरून डाव्या अर्ध्याचा मोमेंट अ भोवती घेतात, त्यांना ९० मिळतात. शेजारचा उजवा अर्धा ब भोवती घेतो, त्याला १४०. मध्य एकच, मग त्याची दोन डिफ्लेक्शन कशी असतील? दोन्ही बाजू जुळल्या नाहीत की समजावं, टँजंट तिरका आहे. मला या गणितात सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट: ९० आणि १४० ची सरासरी ११५ येते, अगदी अचूक. क बरोबर मधोमध असल्यामुळे टँजंटच्या तिरकेपणानं एका टोकाला जेवढं कमी केलं, तेवढंच दुसऱ्या टोकाला वाढवलं. दोघांतला फरक ५०, तो ६ मीटरनी भागला की ८.३३, आणि हाच क पाशीचा स्लोप. पहिल्या प्रमेयानं पडताळा: अ चा स्लोप ३२० भागिले ६, म्हणजे ५३.३३, त्यातून अ ते क चं क्षेत्रफळ ४५ वजा केलं की तेच ८.३३.

बीम सगळ्यात जास्त वाकतो तो भाराखालीही नाही आणि मध्यावरही नाही. जिथे स्लोप शून्य होतो तिथे. अ पासूनचं क्षेत्रफळ ५३.३३ भरतं ते ३.२७ मीटरवर, मध्याच्या थोडं उजवीकडे, आणि तिथलं डिफ्लेक्शन ११६.१ येतं. मध्यावरच्या ११५ पेक्षा एक टक्का जास्त. एकच भार असेल, तर तो सपोर्टच्या अगदी जवळ नेला तरी हा फरक तीन टक्क्यांच्या आतच राहतो. म्हणूनच साध्या बीमला मध्यावरचं डिफ्लेक्शन काढून काम भागतं.