ड्रिल अडखळतंय, भाग ३: कार्बन निर्दोष होते, जिऱ्याएवढा डायॅक फितूर निघाला

मंडळी, मागच्या भागात मी लिहिलं होतं की नवे कार्बन घातले, कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ केला आणि ड्रिल सुरळीत झालं. ते विधान मागे घेतो. पडद्याच्या रॉडसाठी चार भोकं पाडली आणि पाचव्याला ट्रिगर हलका दाबताच तीच जुनी धडधड सुरू झाली. अर्ध्या ट्रिगरपर्यंत मशीन हिसके देतं, आवाज घोगरा येतो, वेग वाढतो पण अर्ध्यावरच अडतो. ट्रिगर पूर्ण दाबला की शेवटच्या मिलिमीटरला एकदम पूर्ण वेग. नवे कार्बन बसल्यामुळे संपर्क सुधारला होता, एवढंच. रोग दुसरीकडे होता.

ज्यांनी आधीचे भाग पाहिले आहेत त्यांना मशीन माहीत आहे: वायरवालं, १३ मिलिमीटर चकचं, ६०० वॅटचं जुनं इम्पॅक्ट ड्रिल. वेग नियंत्रणाचं कार्ड स्विचच्या डबीतच आहे. ट्रिगर दाबला की आधी मुख्य संपर्क जुळतो, मग कार्बनच्या पट्टीवरून सरकता संपर्क पुढे जातो आणि ट्रायॅक, म्हणजे मोटरचा प्रवाह चालू करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, एसीच्या प्रत्येक अर्धलहरीत थोडा थोडा लवकर चालू होत जातो. अगदी शेवटी एक पत्री ट्रायॅकला वळसा घालून मोटर थेट लाइनवर टाकते. म्हणूनच कार्डात काहीही बिघडलं तरी पूर्ण ट्रिगरवर मशीन ठणठणीत वाटतं, आणि आपण फसतो.

गल्लीतल्या वाइंडिंगवाल्या काकांना मशीन दाखवलं. ते म्हणाले, "आधी मोटर आणि स्विच वेगळे कर रे. दोघं एकत्र असले की एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी जातं." तेच केलं. वायरींचा फोटो काढला, स्विच सोडवला आणि मोटर २०० वॅटच्या पिवळ्या बल्बच्या सिरीजमध्ये घेतली. मोटर सावकाश पण एकसारखी फिरली. केबल हँडलजवळ वाकवली, आर्मेचर हाताने थोडं फिरवून पुन्हा पुन्हा चालू केलं, कुठेही अडखळली नाही. म्हणजे कार्बन, कॉम्युटेटर, फील्ड कॉइल आणि केबल चौघेही सुटले. हे दहा मिनिटांचं काम मी भाग १ मध्येच करायला हवं होतं, कार्बन विकत घेण्याआधी.

मग स्विच एकटा टेबलावर. मोटरच्या जागी बल्ब लावायचा आणि ट्रिगर दाबत उजेड पाहायचा, साधी गोष्ट. इथे माझी एक संध्याकाळ वाया गेली, ती तुमची जाऊ नये. हाताशी ९ वॅटचा एलईडी बल्ब होता, तो लावला. तो लुकलुकला, विझला, पुन्हा पेटला. मी सरकत्या संपर्काला दोष देऊन डबी उघडली, पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, स्प्रिंगा शोधत फरशीवर बसलो. पुन्हा जोडलं, पुन्हा तेच. दोष चाचणीचा होता. ट्रायॅकला चालू राहायला काही मिलिअँपिअरचा प्रवाह सतत लागतो. एलईडी बल्ब तेवढा ओढत नाही, शिवाय त्याचा ड्रायव्हर प्रवाह तुकड्यातुकड्याने घेतो, त्यामुळे चांगला स्विचही त्याच्यावर लुकलुकतो. १०० वॅटचा तारेचा बल्ब लावा. तो आता किराणा दुकानात मिळत नाही, इलेक्ट्रिकलच्या जुन्या दुकानात मागितला तर मिळतो. मी दोन घेऊन ठेवले. (डबी उघडताना ती पारदर्शक पिशवीत धरून उघडा, स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते.)

तारेच्या बल्बवर चित्र वेगळं दिसलं. ट्रिगरबरोबर उजेड नीट वाढत होता, म्हणजे पट्टी आणि सरकता संपर्क ठीक. पण उजेड थरथरत होता, डोळ्यांना बोचेल इतका, आणि अर्ध्याहून पुढे जात नव्हता. शेवटच्या मिलिमीटरला थरथर गायब, पूर्ण उजेड. तेव्हा मीटर एसीवर न ठेवता डीसीवर ठेवायची कल्पना सुचली. या सगळ्या प्रकरणातली ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट.

कारण असं. ट्रायॅक दोन्ही अर्धलहरी सारख्याच कापत असेल तर बल्बवर वरचा आणि खालचा भाग एकमेकांना खातात, आणि डीसीवर जवळजवळ शून्य दिसतं. एकच अर्धलहर जात असेल तर एका बाजूचा ढीग उरतो. २३० व्होल्टची एक अख्खी अर्धलहर असेल तर डीसी साधारण १०३ व्होल्ट यायला हवं. स्वस्त मीटर कापलेल्या लहरीवर एसीचा आकडा चुकीचा दाखवतं, पण डीसीची सरासरी बरीच बरोबर देतं. प्लग काढून प्रोब क्लिपने लावले, मग प्लग घातला. अर्ध्या ट्रिगरला ५८, पत्री जुळायच्या जरा आधी ९४, पत्री जुळल्यावर शून्य. एक अर्धलहर पूर्ण बेपत्ता होती. मोटरला सेकंदाला १०० ऐवजी ५० धक्के मिळत होते, तेही कमी वेगावर एकमेकांपासून लांब. धडधड म्हणतात ती हीच.

आता संशयित दोन: ट्रायॅक, नाहीतर त्याच्या गेटला, म्हणजे त्याला चालू करणाऱ्या पायाला, ठिणगी देणारा डायॅक. खरं तर इथे माझा बेत स्विचच अख्खा बदलायचा होता. पुण्याच्या तपकीर गल्लीत त्या मापाचा बिनकंपनीचा स्विच मिळाला, पण हातात घेतला तर ट्रिगर एका बाजूला डुगडुगत होता आणि त्याची धातूची पट्टी जुन्याच्या निम्म्या जाडीची. ६०० वॅटच्या मशीनमध्ये असं घालायला मन होईना. तिथूनच पाच डीबी-३ डायॅक आणि एक ट्रायॅक घेऊन परत आलो. सगळे मिळून चहाच्या खर्चात आले.

ट्रायॅक आधी तपासला. तो ॲल्युमिनियमच्या पट्टीला रिव्हेटने बसवलेला होता, रिव्हेट ड्रिलने काढला. हे लक्षात ठेवा, याला पुढे महत्त्व आहे. १२ व्होल्टची बॅटरी, सिरीजमध्ये गाडीच्या साइड लाइटचा ५ वॅटचा बल्ब, आणि गेट २२० ओहममधून एमटी-२ या मुख्य पायाला क्षणभर टेकवायचं. बल्ब पेटून पेटलेलाच राहिला. बॅटरी उलटी केली, तरी पेटला आणि राहिला. ट्रायॅक दोन्ही दिशांना चांगला. मीटरच्या ओहमवर ही खात्री होत नाही, कारण एका दिशेला मेलेला ट्रायॅकसुद्धा तिथे नॉर्मल दिसू शकतो.

उरला डायॅक, काचेचा, जिऱ्याएवढा. डीबी-३ साधारण ३२ व्होल्टला फुटतो, त्यामुळे मीटरचा डायोड मोड त्याच्याबद्दल काहीच सांगत नाही. ९ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या एकापुढे एक जोडून ४५ व्होल्ट केले. तिथून १०० किलोओहममधून ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर भरायचा, आणि कपॅसिटरवर डायॅक, १०० ओहम व एलईडी सिरीजमध्ये. कपॅसिटर ३२ व्होल्टपर्यंत चढला की डायॅक फुटतो आणि एलईडी चमकते. नवा डायॅक लावला: साधारण अर्ध्या सेकंदाला एक चमक, उलटा केला तरी तशीच. जुना लावला: चमक आली. उलटा केला: अंधार. कपॅसिटरवर मीटर ठेवलं तर १९ व्होल्टवर थबकलेलं. त्या दिशेला डायॅक फुटतच नव्हता, आतून गळत होता. कपॅसिटर भरायच्या आधीच रिकामा होत होता.

रात्री साडेअकराला तो अंधार पाहून मी बायकोला उठवून दाखवला. तिने नीट पाहिला, "सापडला ना शेवटी?" म्हणाली आणि झोपली.

नवा डायॅक लावला, ट्रायॅक परत स्क्रूने पट्टीवर बसवला, बल्बवर डीसी पाहिलं. सगळ्या ट्रिगरभर २ ते ३ व्होल्ट. उजेड लोण्यासारखा वाढतो. मशीन जोडलं, चकमध्ये ३ मिलिमीटरचं बिट लावून लाकडावर इतकं सावकाश फिरवलं की बिटाचे पीळ मोजता येत होते.

हा भाग इथे संपवून टाकणार होतो. पण रविवारी विटांच्या भिंतीत १० मिलिमीटरची भोकं पाडत होतो. आठव्या भोकाला ट्रिगरला बोट लावताच मशीन थेट पूर्ण वेगाने सुटलं. हलका दाब, जड दाब, वेग एकच. बिट भिंतीत होतं, मनगटाला झटका बसला. हे लक्षण ओळखून ठेवा: पहिल्याच स्पर्शाला पूर्ण वेग म्हणजे ट्रायॅक शॉर्ट. उलट, ट्रिगर शेवटापर्यंत काहीच नाही आणि मग एकदम पूर्ण वेग, म्हणजे ट्रायॅक उघडा पडला किंवा त्याला ठिणगीच मिळत नाही. शॉर्ट असेल तर मशीन तसं वापरू नका, हळू सुरुवात करायची सोयच उरलेली नसते.

डबी उघडली. एमटी-१ ते एमटी-२ मध्ये ०.४ ओहम. पट्टीवर ट्रायॅकची फक्त एक कड टेकल्याची खूण होती. रिव्हेट काढताना पट्टी किंचित वाकली, मी ती सरळ केली नाही आणि थर्मल पेस्टही लावली नाही. चांगला ट्रायॅक तपासायला काढला आणि परत बसवताना मारला.

आणलेला ट्रायॅक बीटीए-१२ होता, १२ अँपिअरचा. यात एक गोष्ट नशिबाने बरी झाली. जुना बीटी-१३७ होता, त्याच्या पाठीचा पत्रा एमटी-२ ला जोडलेला असतो, म्हणजे ॲल्युमिनियमची पट्टी लाइनवर जिवंत. बीटीएची पाठ आतून इन्सुलेटेड असते. उलटा बदल करायची वेळ आली, म्हणजे बीटीएच्या जागी बीटी, तर आधी अभ्रकाचा किंवा सिलिकॉनचा पॅड हवा. पट्टी काचेवर सपाट केली, पॉलिश पेपरने घासली, पेस्टचा पातळ थर दिला आणि स्क्रू आवळला.

काल त्याच भिंतीत सलग बारा भोकं पाडली. प्लग काढून लगेच डबी उघडली, पट्टीला बोट लावलं, गरम पण धरवत होती. डीसी अजून २ ते ३ व्होल्टच. ट्रायॅकवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स-२ चा स्नबर, म्हणजे व्होल्टेजचे झटके शोषणारी जोडी, घालायचा विचार आता डोक्यात आहे, कारण या कार्डावर तो मुळातच नाही. डबीत जागा मोजली, कपॅसिटर आडवा ठेवला तर ट्रिगरच्या स्प्रिंगला घासतो. पुढच्या भागापर्यंत तो हँडलच्या पोकळीत कसा बसवता येईल ते बघतो. कुणी आधी बसवला असेल तर वायर कुठून काढली तेवढं कळवा.