सही मिळाली
आज वर्गातल्या एका मुलाच्या आईला बोलावलं होतं. तीन आठवडे झाले तो मधल्या सुट्टीत बाकावरच बसतोय, डबा उघडतो आणि तसाच बंद करतो, मी तारखांसकट वहीत लिहून ठेवलेलं. त्याला काउन्सेलरकडे पाठवूया म्हटल्यावर त्या एकदम म्हणाल्या, मॅडम माझं पोर वेडं नाहीये. मग मी वहीच पुढे केली, म्हटलं त्याला काय झालंय हे ठरवणं माझं काम नाही, मी फक्त दिसलं ते सांगतेय. डब्याच्या ओळीवर त्या बराच वेळ थांबल्या. मग हळूच विचारलं, हे दाखल्यावर येईल का? मी म्हटलं, नाही येत, आणि संमती कधीही मागे घेता येते. संमतीपत्रावर सही केली त्यांनी. त्याला काय सांगायचं तेही दोघींनी मिळून ठरवलं, शिक्षा नाही, बोलायला एक ताई आहेत. गुरुवारी पहिली भेट.