विश्वस्त बैठकीचे इतिवृत्त लिहिताना : माझा अनुभव

आमच्या निवृत्तिवेतन निधीच्या विश्वस्त मंडळाचे सचिवपद माझ्याकडे आले, तेव्हा इतिवृत्त म्हणजे बैठकीत कोण काय बोलले याची नेटकी नोंद, अशीच माझी समजूत होती. त्या तिमाहीच्या बैठकीनंतर मी साडेनऊ पानांचा मसुदा तयार केला आणि तिसऱ्या दिवशी अध्यक्षांकडे पाठवला. तो परत आला तेव्हा समासात पेन्सिलीने केवळ तीन प्रश्न लिहिलेले होते, पण त्यांची उत्तरे देताना मला निम्म्याहून अधिक मसुदा नव्याने लिहावा लागला.

पहिला प्रश्न असा होता : “अनुपालन अहवाल कोणत्या तारखेपर्यंतचा?”

गुंतवणूक व्यवस्थापकाने सादर केलेल्या अहवालात धोरणातील सर्व मर्यादा पाळल्या गेल्याचे म्हटले होते आणि मी ते वाक्य जसेच्या तसे उतरवले होते. दोन पाने पुढे मात्र मीच लिहिले होते की, एका कंपनीच्या कर्जरोख्यांचे पतमानांकन ‘एए’वरून ‘ए अधिक’वर घसरल्यामुळे ते धोरणातील किमान पातळीच्या खाली गेले आहेत. एकाच इतिवृत्तात पालन झाल्याची आणि न झाल्याची अशा दोन्ही नोंदी शेजारी शेजारी बसल्या होत्या. वास्तविक दोन्ही विधाने खरी होती. अहवाल तिमाहीच्या अखेरच्या दिवसाचा होता, मानांकन त्यानंतर अकराव्या दिवशी घसरले आणि बैठक त्याहून नऊ दिवसांनी झाली. तारखा न लिहिल्यामुळे व्यवस्थापकाने माहिती दडवली असे कोणालाही वाटले असते. शिवाय हे उल्लंघन नव्या खरेदीमुळे झाले नव्हते, आधीपासून हाती असलेल्या रोख्यांचा दर्जा घसरल्यामुळे झाले होते. हा फरक लिहिणेही आवश्यक होते, कारण मर्यादा ओलांडून केलेली खरेदी ही व्यवस्थापकाची चूक ठरते, तर अशा घसरणीनंतर आमच्या धोरणाप्रमाणे तीस दिवसांत विश्वस्तांपुढे विषय आणणे एवढीच त्याची जबाबदारी असते. ती त्याने वेळेत पार पाडली होती.

दुसरा प्रश्न त्याच विषयावरचा, पण अधिक बोचरा होता : “आपण हे रोखे का ठेवले, हे पाच वर्षांनी वाचणाऱ्याला कळेल का?”

मी लिहिले होते, “सविस्तर चर्चेअंती रोखे मुदतपूर्तीपर्यंत ठेवण्याचे ठरले.” सोयीचे आणि पूर्णपणे निरुपयोगी असे हे वाक्य आहे. चर्चा खरोखरच सविस्तर झाली होती, पण त्या एका शब्दाआड तिच्यातले काहीच उरले नव्हते. निधीच्या एकूण गुंतवणुकीपैकी 1.8 टक्के रक्कम या रोख्यांत होती आणि मुदत संपायला चौदा महिने बाकी होते. बाजारात शंभराच्या दर्शनी मूल्याला 94 मिळत होते, म्हणजे विकल्यास सहाचा तोटा निश्चित होता. सल्लागाराच्या टिपणात असे गृहीत धरले होते की, कंपनी बुडालीच तर शंभरातले चाळीस वसूल होतील आणि साठ जातील. व्याजाचा फरक बाजूला ठेवला, तर कंपनी बुडण्याची शक्यता दहात एक असेल तेव्हा विकणे आणि ठेवणे सारखेच ठरते. त्याहून कमी असेल तर ठेवणे फायद्याचे. सल्लागाराच्या मते ती शक्यता बरीच कमी होती. एका विश्वस्तांना हा हिशेब मान्य नव्हता. वसुली चाळीस होईल हाच मुळात अंदाज आहे आणि धोरणातली किमान पातळी अशाच वेळी पाळण्यासाठी घातलेली असते, असे त्यांचे म्हणणे होते. मला व्यक्तिशः त्यांचा दुसरा मुद्दा वजनदार वाटला, परंतु इतिवृत्तात सचिवाच्या मताला जागा नसते.

नव्या मसुद्यात विश्वस्तांपुढे कोणते टिपण होते, कोणते पर्याय विचारात घेतले गेले, निर्णयाची दोन मुख्य कारणे कोणती आणि अटी कोणत्या, एवढेच लिहिले. अटी अशा होत्या की, या कंपनीचे रोखे नव्याने घेऊ नयेत, व्यवस्थापकाने दरमहा लेखी आढावा द्यावा आणि मानांकन ‘ए’च्या खाली गेल्यास किंवा व्याजाचा एकही हप्ता चुकल्यास पुढील बैठकीची वाट न पाहता विक्री सुरू करावी. “सल्लागाराच्या सूचनेनुसार ठरले” हे शब्दही मी काढले. सल्ला सल्लागाराचा असला तरी निर्णय आणि त्याची जबाबदारी विश्वस्तांची असते, आणि वाक्यरचनेने ती जबाबदारी सरकता कामा नये.

याच विषयात गणपूर्तीचा एक धागा माझ्याकडून सुटला होता. आठांपैकी सहा विश्वस्त उपस्थित होते आणि गणपूर्ती पाचांची होती, त्यामुळे आरंभी उपस्थिती लिहून मी निश्चिंत झालो. परंतु एका विश्वस्तांकडे त्याच कंपनीचे समभाग होते. त्यांनी हितसंबंध जाहीर करून या विषयापुरते सभागृह सोडले होते आणि आमच्या नियमांप्रमाणे अशा विश्वस्तांची त्या विषयाच्या गणपूर्तीत गणना होत नाही. उरले बरोबर पाच. आणखी एक जण फोन घेण्यासाठी बाहेर गेला असता, तर ठरावच टिकला नसता. ते केव्हा बाहेर गेले, केव्हा परतले आणि मध्ये किती जण होते, हे त्या विषयाखालीच लिहावे लागते, हे मी तेव्हा शिकलो.

तिसरा प्रश्न तक्रारींचा होता : “निकाली म्हणजे नेमके काय झाले?”

तिमाहीत आलेल्या सहा तक्रारींपैकी पाच कार्यालयीन पातळीवर मिटल्या होत्या, त्यांना एक ओळ पुरली. सहावी विश्वस्तांपर्यंत आली होती. एका निवृत्त सभासदाची सेवा पंचवीस वर्षांची असताना निवृत्तिवेतन तेवीस वर्षांवर काढले गेले होते. पूर्वीच्या योजनेतून त्यांची रक्कम वर्ग झाली होती, मात्र त्या दोन वर्षांच्या सेवेच्या तारखा नोंदवहीत चढल्याच नव्हत्या. आमच्याकडे सेवेच्या प्रत्येक वर्षाला सरासरी वेतनाचा साठावा भाग मिळतो. त्यामुळे तेवीस साठांशांऐवजी पंचवीस साठांश, म्हणजे मिळत असलेल्या रकमेच्या जवळपास पावणेनऊ टक्के अधिक देय होते. विश्वस्तांनी दुरुस्ती आणि व्याजासह थकबाकी मंजूर केली, आणि मी “तक्रार निकाली” असे लिहून टाकले. पैसे त्या दिवशी मिळालेले नव्हते. “निर्णय झाला, अंमलबजावणी प्रलंबित” असे लिहून त्यापुढे जबाबदार व्यक्तीचे पद आणि मुदत घातली. त्याच वेळी वर्ग झालेल्या इतर एकतीस सभासदांच्या नोंदी तपासण्याचा आदेशही स्वतंत्र ओळीत घेतला, कारण तक्रार एकाची असली तरी चूक एकट्यापुरती असेलच असे नव्हते. नावाऐवजी तक्रार क्रमांक मी आधीच घातला होता, परंतु विभाग आणि निवृत्तीचा महिना तसाच ठेवला होता. छोट्या संस्थेत तेवढ्यावरून माणूस ओळखता येतो, म्हणून तेही गाळले.

सुधारित मसुदा सर्व विश्वस्तांना पाठवला आणि पुढील बैठकीत तो कायम करण्यासाठी आला. ज्यांना रोखे विकायचे होते त्या विश्वस्तांनी हरकत घेतली. मी “त्यांनी चिंता व्यक्त केली” असे लिहिले होते. ते म्हणाले, “मी चिंता व्यक्त केलेली नाही, विरोधात मत दिले आहे, तसे लिहा.” चार विरुद्ध एक असे मतदान झाल्याचे माझ्या टिपणवहीत होतेच, सौम्य शब्दाचा मोह मलाच झाला होता. मूळ पानावर खाडाखोड न करता ही दुरुस्ती नव्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवली आणि दुरुस्तीसह आधीचे इतिवृत्त कायम होऊन अध्यक्षांची सही झाली. थकबाकी सभासदाच्या खात्यात जमा झाल्याची तारीख त्याच बैठकीत आली आणि तेव्हा कुठे त्या तक्रार क्रमांकापुढे “निकाली” हा शब्द लिहिला. एकतीस नोंदींपैकी आणखी दोघांची वर्षे कमी धरलेली सापडली. त्यांनी तक्रार केलेलीच नव्हती, म्हणून त्यांची नोंद तक्रारींत न घेता अनुपालनाच्या विषयाखाली घेतली.