तफावत असल्यास

"बँकेच्या जाहीर सूचनेच्या मराठी भाषांतराखाली 'तफावत असल्यास मूळ इंग्रजी मजकूर ग्राह्य' असं छापतातच ना? मग मराठी एवढं डोळ्यांत तेल घालून कशाला तपासता?"

छापतात, आणि ती ओळही मीच तपासते. पण कर्जदाराच्या वडिलांनी सकाळी चहाबरोबर मराठी पेपर उघडला, तर इंग्रजी कात्रण शेजारी ठेवून ते वाचत नाहीत. थकलेल्या कर्जापायी फ्लॅटचा ताबा घेतला की सात दिवसांच्या आत दोन प्रमुख वर्तमानपत्रांत ताबा सूचना द्यावी लागते, आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं लागतं, असं सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखालच्या २००२ च्या नियमांतला नियम ८ सांगतो. मुंबईत ते बहुतेक वेळा मराठी असतं. म्हणजे मराठी मजकूर हाही सूचनेचाच भाग झाला.

गेल्या पावसाळ्यात कांदिवलीच्या एका फ्लॅटची अशी सूचना फोर्टातल्या आमच्या टेबलावर आली. जाहिरात संध्याकाळी आठपर्यंत पाठवायची होती. मी आधी इंग्रजी बाजूला सारून नुसतं मराठी वाचते आणि जिथे अडखळते तिथे पेन्सिलीची खूण करते. मग शेजारचे काका इंग्रजी मोठ्याने वाचतात आणि मी मराठीवरून बोट फिरवते. खरी चूक बहुतेक या दुसऱ्या फेरीत सापडते, कारण ती मराठीत अगदी गुळगुळीत वाचली जाते.

या मसुद्यात, बँकेने आधी पाठवलेल्या मागणी सूचनेबद्दल होतं: 'सूचनेच्या तारखेपासून ६० दिवसांच्या आत परतफेड करावी'. कानाला काही खटकत नाही. इंग्रजीत मात्र सूचना 'मिळाल्याच्या' तारखेपासून असं होतं. भाषांतरकाराला विचारलं, तर तो सरफेसी कायदा उघडून बसलेला. कलम १३(२) मध्ये खरोखरच सूचनेच्या तारखेपासून ६० दिवस आहेत. पण ताबा सूचनेचा जो ठरलेला नमुना नियमांना जोडलेला आहे, त्यात 'मिळाल्याच्या तारखेपासून' आहे आणि इंग्रजी त्याबरहुकूम होतं. ४ तारखेची सूचना ११ तारखेला हातात पडली, तर सात दिवसांचा फरक पडतो. दोन्हींतलं बरोबर कोणतं हे ठरवणं माझं काम नाही. समोरच्या इंग्रजीत जे आहे तेच मराठीत यायला हवं. 'मिळाल्याच्या' घातलं.

पुढे 'सदर मालमत्तेशी केलेला कोणताही व्यवहार बँकेच्या शुल्काच्या अधीन राहील'. इथे शुल्क नव्हे, बोजा. सात-बारा आणि सोसायटीचे कागद पाहिलेल्या कुणालाही 'बोजा' कळतो. 'शुल्क' वाचून माणसाला वाटेल, काहीतरी फी भरली की झालं. 'कर्जदार परतफेड करण्यास असमर्थ ठरल्याने' हेही काढलं. ऐपत नव्हती असं इंग्रजी म्हणत नाही, परतफेड केली नाही एवढंच म्हणतं. 'परतफेड न केल्याने' पुरलं.

व्याकरणाचा खरा धोका लांब वाक्यात असतो. 'कर्जदारांना सूचना देण्यात येते की, निम्नस्वाक्षरीकारांनी त्यांना प्राप्त अधिकारांचा वापर करून ताबा घेतला आहे'. हे 'त्यांना' म्हणजे कुणाला? वाक्यात दोघंजण आहेत. 'स्वतःला प्राप्त' केलं की प्रश्न मिटतो. 'रक्कमेची'चं 'रकमेची' आणि 'नोटीशी'चं 'नोटिशी' हे जाता जाता होतं. त्यावर मी फार वेळ घालवत नाही.

आकड्यांवर घालवते. रक्कम होती रु. ५९,४६,२१५/- आणि कंसात अक्षरी 'एकोणपन्नास लाख...'. इंग्रजीतला 'फिफ्टी नाईन' मनात ठेवून पन्नासला 'एकोण' लावलं की हे हटकून होतं. एकोणपन्नास म्हणजे ४९. हवं होतं एकोणसाठ. एका शब्दात दहा लाखांचा फरक, आणि तोही मजकूर छान वाचला जात असताना! म्हणून अक्षरी रक्कम मी काकांना वाचायला लावते आणि स्वतः कागदावर आकड्यात लिहून घेते. मग छापील आकड्याशी ताडून पाहते.

साडेसहाला आम्ही परिशिष्टापर्यंत पोचलो. मराठीत वर फ्लॅट क्र. ३०४ आणि खाली मालमत्तेच्या वर्णनात ४०३. भाषांतरकाराच्या नावाने मी बोटं मोडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "अगं, इंग्रजीतही तसंच आहे." असं असलं की हात लावायचा नाही. मी समासात प्रश्नचिन्ह काढलं आणि वकिलांना फोन केला, कागद काढून बघायला सांगितलं.

साडेसातला उत्तर आलं, ३०४ बरोबर. मराठीत ती जागा दुरुस्त केली, आणि इंग्रजी पेपरकडे गेलेला मजकूर परत मागवण्यासाठी वकिलांच्या कारकुनाची पळापळ सुरू झाली. खाली ती ओळ होतीच: तफावत असल्यास मूळ इंग्रजी मजकूर ग्राह्य.